मेघनाला ‘नाही’ कसं सांगू?

ताई नमस्कार, मी अंधेरी पूर्वेला एका फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीत ऑपरेशन्स मॅनेजर आहे. आमच्याकडे इम्पोर्ट टीम लीडची पोस्ट निघाली होती. टीममधलीच एक मुलगी, तिला इथे मेघना म्हणतो (नाव बदललंय), सात वर्षं आमच्याकडे आहे, जानेवारीपासून ॲक्टिंग चार्जही तिच्याकडेच आहे. तिने अर्ज केला, पण पॅनलने बाहेरचा माणूस घेतला. त्याने ऑफर सही करून पाठवली, नोटीस पिरियड 60 दिवस. एचआरने तिला पाठवायला मला एक तयार मेल दिलाय, ‘तुमचा अर्ज स्ट्राँग होता, कम्युनिकेशन आणि लीडरशिप स्किल्सवर काम करा, पुढील संधीसाठी शुभेच्छा’ टाइप. खरं कारण असं की ती नसली की टीम थांबते, आणि प्रॉब्लेम मला उशिरा सांगते. मार्चमध्ये ती मंगळवार-बुधवार रजेवर होती, क्लायंटचं चेकलिस्ट अप्रूव्हल मंगळवारी सकाळी आलं ते फक्त तिच्या इनबॉक्समध्ये, बिल ऑफ एंट्री मंगळवारी व्हायला हवी होती ती गुरुवारी फाइल झाली, ₹10,000 लेट चार्ज लागला आणि मला ते शुक्रवारी क्लायंटकडून कळलं. हे सगळं लिहिलं तर ती दुखावेल, कदाचित सोडून जाईल. न लिहिलं तर खोटं वाटतं. काय लिहू? आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो.
– एक मॅनेजर, मरोळ

नमस्कार दादा,

एचआरचं ते मेल आहे तसं पाठवू नका, त्यात तिला चुकीचा अभ्यास दिलाय. ‘कम्युनिकेशनवर काम करा’ असं वाचल्यावर आपल्याकडचा माणूस पहिलं काय करतो तर इंग्लिश स्पीकिंगचा क्लास शोधतो. दादरला उतरा नाहीतर ठाण्याला, बोर्ड लागलेलेच असतात. ती फी भरेल, शनिवार-रविवार घालवेल, पुढच्या इंटरव्ह्यूला येऊन छान इंग्लिशमध्ये बोलेल आणि तरी तिला पोस्ट मिळणार नाही, कारण इंग्लिश आडवं आलंच नव्हतं. मग ती म्हणेल ह्यांना मला द्यायचंच नाहीये, आणि तिचं काय चुकलं त्यात?

म्हणून लिहायला बसण्याआधी एक काम करा. तुम्ही जी कारणं धरलीत त्यातल्या एकेका कारणाला हा प्रश्न विचारा: ही गोष्ट जानेवारीतच सुधारली असती तर पोस्ट तिला मिळाली असती का? ‘हो’ असेल तरच ते कारण, बाकी सगळा भरणा. आणि हे एकट्याने ठरवू नका, पॅनलवरच्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारा, सगळ्यांना एकत्र बसवलंत तर पहिला बोलेल त्याच्याच मागे बाकीचे जातात. कुणीतरी ‘प्रेझेन्स कमी वाटला’ म्हणेलच. त्याला विचारा, कुठल्या प्रश्नाला, काय उत्तर दिलं तेव्हा? आठवलं तर लिहून घ्या. नाही आठवलं तर सोडून द्या, तिला त्याचा काही उपयोग नाही.

कधी कधी ह्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’ येतं. म्हणजे वरच्यांना मोठ्या टीमचा अनुभव असलेला माणूसच हवा होता आणि मेघनाने काहीही केलं असतं तरी निर्णय हाच झाला असता. तुमच्याकडे तसं निघालं तर तेच सांगा, की ह्या वेळी ही अट वरचढ ठरली, आणि सुधारणेचा गृहपाठ तिच्या गळ्यात मारू नका. आपण केलं तर मिळेल अशा आशेवर माणूस वर्ष काढतो आणि ती आशाच खोटी असते, ह्याच्यापेक्षा नुसता नकार परवडला. पण तुमच्या पत्रावरून मला तरी वाटतंय की तुमची दोन्ही कारणं खरी आहेत, म्हणून पुढचं सगळं तसं धरून लिहितेय.

आता मार्चचा प्रसंग. हा तुमच्याकडचा सगळ्यात कामाचा पुरावा आहे पण तो नीट उलगडायला हवा, नाहीतर तिला ऐकू येईल की ‘मी रजा घेतली म्हणून पोस्ट गेली’, आणि तसं ऐकू आलं तर ती चिडणं बरोबरच आहे. ज्यांना ह्या लाइनमधलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आलेला माल सोडवून घ्यायला कस्टम्सकडे बिल ऑफ एंट्री भरावी लागते, साधारणपणे जहाज यायच्या आदल्या दिवसाच्या अखेरपर्यंत, सुट्टीचा दिवस असला तरी. उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज ₹5,000 आणि त्यापुढे रोज ₹10,000 असा चार्ज बसतो. भरण्याआधी क्लायंटला चेकलिस्ट पाठवून त्याचा होकार घेतात. तर तुमच्याकडे काय झालं? मंगळवारी सकाळी होकार आला, अख्खा दिवस हातात होता, टीममधल्या कुणालाही फाइल करता आली असती, पण ते मेल कुणाला दिसलंच नाही. रजा घेणं हा प्रॉब्लेम नाही. सात वर्षांत क्लायंटना एकच पत्ता माहीत झालाय आणि तो मेघनाचा, हा प्रॉब्लेम आहे. जाताना तिने कुणाला फाइल सोपवली नाही, क्लायंटला ‘ह्या दोन दिवसांत अमुकला कॉपी करा’ असं एक वाक्य कळवलं नाही, आणि गुरुवारी परत आल्यावर गुपचूप फाइल करून टाकली. तो गुरुवार मला मंगळवारपेक्षा महत्त्वाचा वाटतो. फाइल केल्याकेल्या तुम्हाला तिचा फोन यायला हवा होता, म्हणजे क्लायंटला तुम्ही आधी फोन केला असता. लीडकडून पॅनलला तेच हवं असतं.

ट्रेनिंगवाले ह्याला एसबीआय म्हणतात (बँक नव्हे हो), म्हणजे प्रसंग कुठला, माणसाने काय केलं, त्याचा परिणाम काय झाला, ह्याच क्रमाने सांगायचं. त्यात स्वभावाला जागा नाही. ‘तू सगळं स्वतःकडे ठेवतेस’ हा स्वभावावर शिक्का झाला, त्यावर ती नुसती भांडू शकते. ‘अप्रूव्हल तुझ्याच इनबॉक्समध्ये होतं आणि टीमला दिसत नव्हतं’ ह्यावर उद्या सकाळी काहीतरी करता येतं.

आणि दादा, रागावू नका, पण ह्यात तुमचाही वाटा आहे. जानेवारीत ॲक्टिंग चार्ज दिलात तेव्हा तिच्याकडचे क्लायंट काढून दुसऱ्याला दिलेत का? मला खात्री आहे नाही दिलेत, कुणीच देत नाही. माणूस दिवसभर स्वतःच्या फाइली करतो आणि उरलेल्या वेळात टीम चालवतो, मग पॅनल म्हणतं ह्याला डेलिगेट करता येत नाही. सगळ्या टीमला दिसेल असा मेलबॉक्स उघडून देणं हे तर तिचं काम नव्हतंच, आयटीला सांगायचं काम तुमचं. हे मेसेजमध्ये एका वाक्यात कबूल करा. एकाच वाक्यात हं, जास्त ताणलंत तर सगळं तुमच्याबद्दलच होऊन बसतं आणि तीच तुमची समजूत घालत बसते.

मेसेजच्या आधी समोरासमोर बोला. आणि उद्याच बोला, ऑफरवर सही झालीय म्हणजे बातमी बाहेर पडणारच, आणि खालच्या टपरीवर चहा घेताना तिला ती दुसऱ्या कुणाकडून कळली तर तुमच्या चांगल्या मेसेजला काही अर्थ राहणार नाही. सकाळी अकराच्या सुमारास बसा, काचेच्या केबिनमध्ये नको, जिथे बाहेरच्यांना तिचा चेहरा दिसणार नाही तिथे. संध्याकाळी सहाला सांगू नका, लगेच घाटकोपरच्या मेट्रोच्या गर्दीत उभं राहून तिने ते पचवायचं का? शुक्रवारी तर नकोच. पहिलं वाक्यच बातमीचं असू दे, ‘मेघना, पोस्ट तुला मिळालेली नाही.’ बरेच जण आधी दहा मिनिटं तारीफ करतात, समोरच्याला तिसऱ्या मिनिटालाच कळलेलं असतं आणि उरलेली सात मिनिटं तो नुसता वाट बघत असतो. मग दोन कारणं दोन-दोन वाक्यांत सांगा आणि गप्प बसा, म्हणजे खरंच गप्प. ती रडली तर रडू द्या, चिडली तर ऐकून घ्या, ‘आता घरी जायचंय का’ विचारा. काय सुधारायचं त्याचं लेक्चर त्या दिवशी नको, कानात शिरणार नाही. ते लिहून द्या आणि चार-पाच दिवसांनी परत बसा.

लिखाण साधारण असं करा. मजकूर माझा, आकडे आणि तारखा तुमच्याकडच्या टाका.

मेघना,

सकाळी बोललो तेच लिहून देतोय, म्हणजे तुला शांतपणे वाचता येईल. इम्पोर्ट टीम लीडची पोस्ट तुला मिळालेली नाही. बाहेरच्या उमेदवाराने ऑफर स्वीकारली आहे. पॅनलमध्ये मी होतो आणि हा निर्णय माझाही आहे.

कारणं दोन आहेत. पहिलं म्हणजे तू नसताना तुझ्याकडच्या फाइली पुढे सरकत नाहीत. मार्चमध्ये मंगळवारी सकाळी आलेलं अप्रूव्हल फक्त तुझ्या इनबॉक्समध्ये होतं, टीममध्ये कुणाला दिसलं नाही, बिल ऑफ एंट्री दोन दिवस उशिरा गेली. रजा घेण्यात काही चूक नव्हती. जाताना फाइल कुणाकडे सोपवलेली नव्हती, मुद्दा तो आहे. दुसरं म्हणजे अडचण माझ्यापर्यंत उशिरा येते. गुरुवारी तुला उशीर दिसला होता, मला शुक्रवारी क्लायंटने सांगितलं. लीडकडून मला ते तासाभरात कळायला हवं.

ह्यातला एक भाग माझा आहे. चार्ज देताना मी तुझे क्लायंट कमी केले नाहीत आणि कॉमन मेलबॉक्सही करून दिला नाही.

तुझ्या क्लासिफिकेशनच्या कामाबद्दल पॅनलमध्ये कुणालाही शंका नव्हती. तुझ्या इंग्लिशचा किंवा बोलण्याचा प्रश्न नव्हता, तुला कुणी तसं सांगितलं तर मनावर घेऊ नकोस.

माझ्या डोक्यात पुढचे चार महिने असे आहेत. 1 तारखेपासून तुझ्या सातपैकी तीन क्लायंट पूर्णपणे टीममधल्या दुसऱ्यांकडे जातील. नावं तू ठरव. त्यांची मेलं तुला आली तरी उत्तर तू द्यायचं नाहीस, पुढे पाठवायचीस. सगळी अप्रूव्हल्स कॉमन मेलबॉक्समध्ये येतील, तो मी ह्या आठवड्यात करून घेतो. जहाज यायला दोन दिवस उरलेत आणि अप्रूव्हल आलेलं नाही अशा फाइलींची यादी रोज चार वाजता मला पाठव, कोरी असली तरी पाठव. आणि दर महिन्यात सलग दोन दिवस तू सुट्टी घे, तुला किती फोन आले ते आपण नंतर बघू.

पुढची लीडची पोस्ट कधी निघेल मला माहीत नाही, आणि निघाली तर तुलाच मिळेल असं वचन मी देऊ शकत नाही. एवढं सांगतो की ह्या दोन गोष्टी सुटल्या तर पॅनलसमोर मी स्वतः ते उदाहरणांसकट मांडेन.

मंगळवारी अकरा वाजता अर्धा तास ठेवलाय. तुला पटत नसेल ते तेव्हा सांग. आज-उद्या सुट्टी हवी असेल तर घे, विचारायची गरज नाही.

एवढंच. लांब वाटेल, पण ह्यातलं एकही वाक्य दुसऱ्या कुणाला चिकटवता येत नाही, आणि मला तेच हवं होतं. ‘हा निर्णय माझाही आहे’ हे वाक्य गाळायचा मोह होईल, विशेषतः तुम्ही आतून तिच्या बाजूने असाल तर. गाळू नका. ‘मी तर तुझ्यासाठी भांडलो, पण पॅनल ऐकेना’ असं म्हटलंत की त्या क्षणी बरं वाटतं आणि पुढे तुम्ही दिलेल्या कुठल्याही सल्ल्याला वजन राहत नाही, कारण तुमच्या शब्दाला वर किंमत नाही हे तुम्हीच सांगून टाकलेलं असतं. तसंच ‘खूप क्लोज होतं’ हेही नको, क्लोज असलं तरी नको, आणि बाहेरच्या माणसाचा बायोडेटा तर अजिबात काढू नका. तिने विचारलं त्याच्यात असं काय आहे, तर म्हणा की त्याच्याबद्दल मी बोलणार नाही, तुझ्याबद्दल हवं तितकं बोलू.

तीन क्लायंट काढून घेण्याबद्दल जरा सांभाळा. टीमला ती शिक्षा वाटेल, तिलाही वाटेल, म्हणून नावं तिलाच ठरवू द्यायची आणि टीमसमोर तिनेच सांगायचं. आणि सोपे तीन क्लायंट देऊन चालणार नाही, त्यात एक तरी असा हवा ज्याला फक्त मेघनाच चालते. तो क्लायंट पहिल्याच आठवड्यात तुम्हाला फोन करून तक्रार करेल, आणि तुम्ही जर ‘बरं, मेघनाला बघायला सांगतो’ म्हणालात तर खेळ तिथेच संपला.

फरक पडतोय की नाही हे त्या दोन दिवसांच्या सुट्टीत कळतं. नीट चाललं तर पहिल्या महिन्यात तिला आठ-दहा फोन जातील, तिसऱ्या महिन्यात एखाददुसरा. फोन शून्य आले म्हणून लगेच खूश होऊ नका, आधी बघा की ती सुट्टीत घरून मोबाइलवर मेलं करत नव्हती ना, आणि टीममधली पोरं व्हॉट्सॲपवर तिला गुपचूप विचारत नव्हती ना. कॉमन मेलबॉक्समधून कुणी उत्तर दिलंय ते बघितलंत की दोन मिनिटांत उलगडा होतो. चार वाजताच्या यादीचंही तसंच. महिनाभर रोज कोरी आली आणि लेट चार्ज मात्र लागला, तर ती अजून वाईट बातमी दाबून ठेवतेय, आणि मग त्यावर वेगळं बोलावं लागेल. पण यादीत नावं यायला लागली आणि तुम्ही पहिल्या नावालाच ‘हे असं कसं झालं’ म्हणून ओरडलात, तर दुसऱ्या दिवसापासून यादी कोरी होईल, ती तुमच्यामुळे.

एचआरला रेकॉर्डसाठी त्यांचं मेल पाठवायचंच असेल तर पाठवू द्या, फक्त तुमचं बोलणं झाल्यानंतर आणि त्यातली कम्युनिकेशनची ओळ काढून. ते मेल तिच्या फाइलला लागतं आणि पुढच्या पॅनलसमोर तुमचा मेसेज नाही, तो कागद जातो. भांडा त्यासाठी.

सोडून जाईल ही भीती खरी आहे, जाऊ शकते. सात वर्षांच्या अनुभवावर तिला मुंबईत काम मिळेल, कुणी लीडचं पदही देईल. ते थांबवायला म्हणून पुढच्या वर्षी नक्की असं काही बोलू नका. उलट तिने विचारलं की मी बाहेर बघू का, तर तिला खरं सांगा की इथे जागा कधी निघेल ते तुम्हाला ठाऊक नाही. त्यावर ती काय ठरवेल तो तिचा प्रश्न.

आता राहिले ते 60 दिवस, ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीये आणि सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. तोपर्यंत टीम कोण चालवणार? तुम्ही गृहीत धरलंय मेघना. नका धरू, विचारा, आणि नाही म्हणाली तर ते 60 दिवस तुम्ही चालवा. हो म्हणाली तर चार्ज कुठल्या तारखेला संपतो ते लिहून द्या आणि ॲक्टिंग अलाउन्स मिळवून द्या, जानेवारीपासून दिला नसेल तर मागचाही, त्यासाठी आत्ताच अर्ज टाका कारण नवीन माणूस आल्यावर तो कागद कुणी हलवणार नाही. नवीन माणसाला तिने शिकवावं ही विनंती ह्या महिन्यात तोंडातून काढू नका. तो आल्यावर पहिले दोन आठवडे तुम्ही स्वतः त्याला बसवा, क्लायंटच्या भेटी तुम्ही घालून द्या.

आणि तो आलाच नाही तर? नोटीस पिरियडमध्ये जुनी कंपनी पगार वाढवते आणि माणूस फिरतो, आपल्याकडे हे नेहमीचं आहे. तेव्हा घाईघाईत मेघनाला बोलावून ‘चल, आता तूच घे’ म्हणू नका. तिला कळेल की ती दुसऱ्या नंबरची स्टेपनी आहे, आणि तुम्ही लिहिलेली दोन्ही कारणं खोटी होती असाही अर्थ निघेल. कारणं सुटत आली असतील तर पॅनलला परत बसवा, दोन महिन्यांच्या याद्या आणि सुट्टीतल्या फोनांचा हिशोब समोर ठेवा आणि त्यावर ठरवू द्या. सुटलेली नसतील तर पोस्ट पुन्हा काढा, आणि तसं करताय हे तिला त्याच दिवशी सांगा.